डॅशबोर्डवर विसरलेला चष्मा: उन्हात कोटिंगला जाळी का पडते आणि कडक उन्हाळ्यात चष्मा कुठे ठेवावा

मे महिन्यात नागपूर, अकोला किंवा जळगावला गाडी दुपारभर उन्हात उभी राहते आणि डॅशबोर्डवर चष्मा राहून जातो. संध्याकाळी तो उचलून पाहिला तर बहुधा ठीकठाक दिसतो. लेन्स फुटलेली नसते आणि फ्रेमही वाकलेली नसते. रात्री गाडी चालवताना मात्र समोरच्या दिव्याभोवती धुरकट वलय दिसू लागतं. लेन्स कितीही पुसली तरी ते जात नाही, कारण ती घाण नसते. लेन्सवरचं अँटिग्लेअर कोटिंग बारीक तडकलेलं असतं. चष्म्याच्या दुकानात याला ‘क्रेझिंग’ म्हणतात, किंवा सरळ ‘कोटिंगला जाळी पडली’ असं सांगतात. जाळी पडलेलं कोटिंग पुन्हा सांधता येत नाही, म्हणून ती कशी पडते हे आधी समजून घेऊ.

डॅशबोर्ड नेमका किती तापतो

जपानच्या जेएएफ या मोटारचालकांच्या संघटनेने २०१२ च्या ऑगस्टमध्ये केलेली चाचणी इथे फार उपयोगी पडते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना दुपारी १२ ते ४ गाड्या उन्हात उभ्या ठेवल्या होत्या. काळ्या गाडीत आतली हवा ५७ अंशांपर्यंत गेली, पण डॅशबोर्ड ७९ अंशांवर पोहोचला. पांढऱ्या गाडीचा डॅशबोर्ड ७४ अंशांवर गेला. म्हणजे गाडीचा रंग पांढरा असल्याने चष्म्याला फारसा दिलासा मिळत नाही.

याच चाचणीतले आणखी तीन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. खिडक्या ३ सेंटीमीटर उघड्या ठेवलेल्या गाडीत हवा बरीच कमी तापली, पण डॅशबोर्ड ७५ अंशांवर गेलाच. समोरच्या काचेला आतून सनशेड लावलेल्या गाडीत तो ५२ अंशांवर थांबला. आणि एसी चालू असलेल्या, आत जेमतेम २७ अंश असलेल्या गाडीतही डॅशबोर्ड ६१ अंश होता. डॅशबोर्डला उष्णता हवेकडून मिळत नाही, समोरच्या काचेतून आत येणाऱ्या थेट उन्हाकडून मिळते. म्हणूनच खिडकी फटभर उघडून किंवा एसी लावून तो थंड राहत नाही. तुम्ही गार हवेत आरामात गाडी चालवत असता आणि हाताच्या अंतरावर ठेवलेला चष्मा ६० अंशांवर भाजत असतो.

बाहेर ३५ ऐवजी ४३-४४ अंश असतील तर गाडीतली प्रत्येक जागा त्या प्रमाणात वर सरकते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामध्ये, म्हणजे विदर्भासारख्याच कोरड्या आणि तापट हवेत झालेल्या एका अभ्यासात उन्हातल्या गाड्यांचे डॅशबोर्ड तासाभरातच सरासरी ६९ अंशांवर गेले होते. सावलीतल्या गाड्यांचे ४८ अंशांवर राहिले. त्यामुळे ‘तासाभरात परत येतो’ म्हणून चष्मा डॅशबोर्डवर ठेवून जाणं काही सुरक्षित नाही.

लेन्स बनवणाऱ्या अनेक कंपन्या ६० अंशांच्या वर चष्मा ठेवू नका असं सांगतात. आमच्या मते उन्हाळ्यासाठी ५० अंश हीच मर्यादा धरावी. लेन्स किती जुनी आहे, आधी किती वेळा तापली आहे आणि फ्रेममध्ये किती घट्ट बसवली आहे हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून दहा अंश हाताशी राखून ठेवलेले बरे.

कोटिंग तडकतं ते का

आज बहुतेक चष्म्यांच्या काचा प्लास्टिकच्या असतात. साधी लेन्स सीआर-३९ नावाच्या प्लास्टिकची असते, न फुटणारी म्हणून मिळणारी पॉलिकार्बोनेटची, आणि जास्त नंबरासाठीची पातळ लेन्स १.६०, १.६७ किंवा १.७४ इंडेक्सची. प्लास्टिक मऊ असल्यामुळे त्यावर आधी ओरखडे रोखणारा हार्ड कोट देतात. त्याची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारांश भाग असते. त्यावर निर्वात पेटीत अँटिग्लेअरचे थर चढवतात. हे थर सिलिकॉन डायऑक्साइड, झिर्कोनियम डायऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड अशा ऑक्साइडांचे असतात. ते आळीपाळीने बसवतात आणि सगळे मिळून अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ भरतात. ब्लू कट किंवा आरसा कोटिंग या नावाने जे मिळतं तेही बहुधा याच जातीचं असतं. थोडक्यात, लवचिक प्लास्टिकवर अतिशय पातळ आणि ठिसूळ असा काचेसारखा पापुद्रा चिकटवलेला असतो.

आता ५० मिलिमीटर रुंद सीआर-३९ लेन्स घ्या. गाडीत ठेवताना ती २५ अंशांवर होती आणि दुपारी ७५ वर गेली, म्हणजे ५० अंशांनी तापली. एवढ्या तापमानवाढीत हे प्लास्टिक आडवं सुमारे पाव मिलिमीटर वाढतं. तेवढ्याच रुंदीचा झिर्कोनियाचा थर मोकळा असता तर फार तर दोन-अडीच शतांश मिलिमीटर वाढला असता. सिलिकॉन डायऑक्साइडचा थर तर जेमतेम एक हजारांश मिलिमीटर. प्लास्टिक आपल्या पोटावर चिकटलेल्या या थरांना ओढत नेतं, त्यांना मात्र ताणायची सवय नसते.

पाव मिलिमीटर हा आकडा लहान वाटतो, पण ५० मिलिमीटरच्या हिशेबात ती अर्ध्या टक्क्याची ओढ झाली, आणि काचेसारख्या पातळ थराला ती खूपच आहे. थर चढवताना ते बहुधा थोडे आवळलेल्या स्थितीत बसतात. म्हणून लेन्स तापू लागली की आधी हा आवळ सैल होतो आणि त्यानंतर खरा ताण सुरू होतो. पंखा बंद असलेल्या खोलीत ४० अंशांवर लेन्सला काही होत नाही आणि ७०-७५ वर तडे जातात, यामागे हेच आहे. मधल्या टप्प्यात मर्यादा ओलांडली जाते.

ताण सगळ्या दिशांनी सारखा असल्यामुळे तडे एका रेषेत न जाता एकमेकांना मिळत जातात. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलाला भेगा पडतात तशी ही नक्षी दिसते. संध्याकाळी लेन्स थंड होऊन आकसते तेव्हा तेच तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि भेगांच्या कडा किंचित उचलल्या जातात. त्या फटींत घामातली ओल, साबण आणि तेलकटपणा शिरतो. पहिल्या दिवशी न दिसलेली जाळी पुढच्या काही आठवड्यांत दिसू लागते आणि पुढे कोटिंगचे पापुद्रे सुटतात, ते यामुळेच. म्हणून ‘त्या दिवशी तर चांगला होता’ या आठवणीवरून उष्णतेचा दोष नाही असं ठरवता येत नाही.

सगळ्या लेन्सा सारख्या तडकत नाहीत. पॉलिकार्बोनेट सीआर-३९ पेक्षा कमी प्रसरण पावतं, त्यामुळे कोटिंगवर ताण थोडा कमी येतो. १.७४ च्या काही लेन्स-द्रव्यांना मुळातच उष्णता कमी सोसते. मित्सुई कंपनीच्या तक्त्यात एमआर-८ (१.६० इंडेक्स) ११८ अंशांपर्यंत आकार टिकवतं, तर एमआर-१७४ (१.७४ इंडेक्स) ७८ अंशांपर्यंतच. जपानी चाचणीतल्या काळ्या गाडीचा डॅशबोर्ड ७९ अंशांवर गेला होता, हे इथे आठवावं. महागडी पातळ लेन्स उन्हात जास्त टिकेल असं समजू नये. उलट तिलाच जास्त जपावं लागतं.

गडद लेन्स ऊन जास्त शोषते, त्यामुळे गॉगल साध्या चष्म्यापेक्षा लवकर तापतो. आणि गाडीत कायम ठेवून दिला जातो तो गॉगलच. पोलराइज्ड गॉगलमध्ये दोन थरांच्या मध्ये चिकटवलेली पातळ फिल्म असते. तापून ती सुटू लागली की कडेला बुडबुडे किंवा इंद्रधनुषी पट्टे दिसतात. हे क्रेझिंगपेक्षा वेगळं, पण मूळ एकच.

फ्रेमचा वाटाही मोठा असतो. लेन्स वाढते, पण धातूची रिम तेवढी वाढत नाही, म्हणून कडेला दाब येतो. स्क्रू जास्त आवळलेला असेल तर तडे रिमजवळून सुरू होतात. रिमलेस चष्म्यात ते भोकांभोवती दिसतात. जाड एसीटेटची फ्रेम साठ-सत्तर अंशांना मऊ पडते. चष्मेवाला फ्रेम हीटरवर तापवून तिला आकार देतो तो याच गुणामुळे. डॅशबोर्डवर मात्र ती कुणाच्या हाताशिवाय मऊ होते आणि चष्मा तिरका ठेवला असेल तर तशीच बसते.

जाळी आहे की आणखी काही, हे कसं ओळखावं

लेन्स स्वच्छ धुऊन कोरडी करा. खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. लेन्स काळ्या कापडासमोर धरून टॉर्च बाजूने, तिरपा मारा आणि लेन्स हळूहळू फिरवा. मग टॉर्च दोन-तीन मीटर दूर ठेवून लेन्समधून त्याच्याकडे पाहा.

उष्णतेची जाळी असेल तर तिरप्या प्रकाशात बारीक, एकमेकींना जोडलेल्या रेघा दिसतात. त्या बहुतेक लेन्सभर पसरलेल्या असतात आणि सहसा दोन्ही लेन्सांवर असतात. लेन्समधून पाहिल्यावर टॉर्चभोवती दुधी वलय येतं. नखाने काही जाणवत नाही. याउलट ओरखडे सुटे असतात, साधारण एका दिशेने जातात आणि मोठा असेल तर नखाला अडकतो. कापडाने कोरडी लेन्स पुसण्याची सवय असेल तर ते मधोमध, गोलाकार दिसतात. अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा फरशी पुसायचं द्रव उडालं असेल तर डाग थेंबाच्या किंवा ओघळाच्या आकाराचा असतो आणि त्याच्या कडेला हद्द स्पष्ट दिसते. रेघा फक्त स्क्रूपाशी किंवा रिमलगत असतील, तेही एकाच लेन्सवर, तर आधी फ्रेमचा दाब तपासून घ्या.

लेन्स नवी असेल, कधी तापलेली नसेल आणि काही आठवड्यांतच दोन्ही लेन्सांवर जाळी आली असेल, तर कोटिंग मुळातच नीट बसलेलं नसण्याची शक्यता असते. अशा वेळी पावती घेऊन दुकानात जावं. कोटिंगच्या वॉरंटीत उष्णतेचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यामुळे चष्मा कुठे ठेवला होता हे दुकानात विचारलं जाईलच.

तापलेला चष्मा हाती आला तर

इथे घाईत केलेल्या दोन गोष्टींनी उरलेलं कोटिंगही जातं. एक म्हणजे गार पाण्याखाली धरणं, दुसरी म्हणजे एसीच्या झोतासमोर धरणं. लेन्सचा पृष्ठभाग झटकन आकसतो, आतला भाग गरमच राहतो आणि कोटिंगवर नवा ताण येतो.

चष्मा दोन्ही हातांनी, नाकावरच्या पुलाजवळ आणि दांडीच्या सांध्याजवळ धरून उचला. एका दांडीने उचलू नका, मऊ पडलेली एसीटेट फ्रेम तिथेच वाकते. लेन्स वर राहील असा तो सावलीत, सीटवर किंवा मांडीवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. लगेच डोळ्यावर लावू नका, धातूची फ्रेम कानामागे आणि नाकावर चटका देते. गरम असताना पुसूही नका. विदर्भ-खानदेशच्या उन्हाळ्यात त्यावर धूळ असतेच आणि कोरड्या कापडाखाली ती ओरखडे काढते.

निवल्यावर पाण्याने धुवा. मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हात भाजेल इतकं गरम असतं. ते वापरू नका. घरात बादलीत भरून ठेवलेलं, हाताला ना गार ना गरम लागणारं पाणी घ्या. भांड्यांच्या साध्या लिक्विडचा एक थेंब बोटांवर घेऊन लेन्स दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने धुवा आणि मायक्रोफायबरने टिपून घ्या. मग वर सांगितलेली टॉर्चची तपासणी करा. फ्रेम सपाट टेबलावर उलटी ठेवून पाहा, म्हणजे लेन्सांची वरची कड टेबलाला टेकेल. चारही टोकं टेकत नसतील तर ती वाकली आहे. ती घरी गरम करून सरळ करू नका, दुकानातच नेऊन द्या.

जाळी पडलीच असेल तर टूथपेस्ट, बेकिंग सोडा, राख असले उपाय करू नका. त्यांनी तडे भरत नाहीत, फक्त खालचा हार्ड कोट घासला जातो. कोटिंग रसायनाने उतरवण्याचा मार्ग आहे, पण त्यात हार्ड कोटही जाऊ शकतो आणि लेन्सचा पृष्ठभाग बिघडू शकतो. आम्ही तो सुचवणार नाही. लेन्स बदलणं हाच खरा उपाय. फ्रेम चांगली असेल तर तीच ठेवून नवीन लेन्सा बसवता येतात. फ्रेम वाकलेली असेल तर आधी ती सरळ करून घ्या आणि मगच माप द्या, नाहीतर नव्या लेन्सांवर पहिल्याच दिवशी दाब येतो.

मग ठेवायचा कुठे

सगळ्यात सुरक्षित जागा तुमच्याजवळच, म्हणजे कडक केसमध्ये घालून पिशवीत किंवा खिशात. गाडीतून उतरताना चष्माही उतरतो ही सवय लावणं सगळ्यात सोपं आहे. केस गाडीच्या किल्लीच्या किंवा मोबाइलच्या शेजारी ठेवली की ती विसरत नाही.

केसबद्दल एक गैरसमज आहे. केसने धक्का आणि धूळ अडते, उष्णता मात्र थोडा वेळच अडते. काळी रेक्झिनची केस उन्हात डॅशबोर्डवर ठेवली तर तास-दोन तासांत आतला चष्माही बाहेरइतकाच तापतो.

गाडीत ठेवावाच लागणार असेल तर जागा मोजून निवडा. हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. उन्हात उभ्या गाडीत दुपारी तीनच्या सुमारास डॅशबोर्ड, ग्लोव्ह बॉक्सचं आतलं तळ, दाराचा कप्पा, पुढच्या सीटखालची जमीन आणि डिक्की अशा पाच जागी तो धरा. मॅट प्लास्टिकवर आणि कापडावर त्याचं वाचन विश्वासार्ह असतं. चकचकीत धातूवर किंवा आरशासारख्या पृष्ठभागावर धरू नका, तिथे आकडा चुकीचा येतो. ५० अंशांच्या खाली असलेली जागा निवडा आणि तेवढीच वापरा.

बहुतेक गाड्यांत ही जागा पुढच्या प्रवासी सीटखाली किंवा मागच्या सीटपुढच्या पाय ठेवायच्या जागेत सापडते. तिथे ऊन थेट येत नाही आणि गरम हवा वर जाते. ड्रायव्हरच्या सीटखाली मात्र काहीही ठेवू नका. केस घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली आली तर तो जिवाशी खेळ होईल. प्रवासी सीटखालीही ती वेल्क्रोने बांधून ठेवा. ग्लोव्ह बॉक्स डॅशबोर्डपेक्षा बरा, पण दिवसभराच्या पार्किंगमध्ये तोही आतल्या हवेइतका, म्हणजे पन्नासच्या वर जाऊ शकतो. छताला असलेला गॉगलचा कप्पा गाडी चालवताना सोयीचा, पण पार्किंगमध्ये वरची गरम हवा तिथेच साचते. हॅचबॅकची डिक्की मागच्या काचेखालीच असते, तिला बंद जागा समजू नका.

दोन-तीन तासांसाठी ठेवायचा असेल तर कडक केस छोट्या टॉवेलमध्ये गुंडाळून डब्याच्या इन्सुलेटेड पिशवीत घालून सीटखाली ठेवा. पिशवीमुळे आत उष्णता उशिरा पोहोचते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशा पार्किंगला मात्र तीही पुरत नाही. बर्फाचा पॅक आत ठेवू नका, ओल धरून लेन्सवर पाणी साचतं. समोरच्या काचेला सनशेड मात्र नेहमी लावा. वरच्या जपानी चाचणीत डॅशबोर्डला सगळ्यात जास्त फरक करणारी गोष्ट तीच होती. तरी सनशेड लावूनही डॅशबोर्ड ५२ अंश होता, तोही ३५ अंशांच्या दिवशी, म्हणून चष्मा तिथे नकोच.

दुचाकीची डिक्की विशेष वाईट. वरून काळी सीट तापते, खालून इंजिन आणि सायलेन्सरची उष्णता लागते. तिथे रोज गॉगल ठेवणाऱ्यांचं कोटिंग लवकर जातं. आरशाला अडकवलेल्या हेल्मेटमध्ये घातलेला चष्माही उन्हातच असतो. ट्रक आणि टेम्पोत इंजिनवरच्या आवरणावर चष्मा ठेवू नका, चालत्या गाडीत ती जागा हातालाही चटका देते. घरात पश्चिमेची खिडकी, पत्र्याच्या छपराखालचा माळा आणि गॅसशेजारची फळी या जागा टाळाव्यात. आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांना यातलं काही सांगायला नको, पण तिथेही तळमजल्यातल्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढून दुपारी रस्त्यावर लावली की हिशेब बदलतो.

गाडीत दुसरा चष्मा कायम असणं ज्यांना गरजेचं आहे, त्यांच्यासाठी एक चांगली सोय आहे. तो जोड मुद्दाम साधा करून घ्या: पॉलिकार्बोनेट लेन्स, फक्त हार्ड कोट, अँटिग्लेअर म्हणजे एआर नको, ब्लू कट नको, फ्रेम धातूची किंवा टीआर-९० नावाच्या लवचिक प्लास्टिकची, आणि स्क्रू फार आवळलेला नको. दुकानात ‘एआर नको, फक्त हार्ड कोट’ असं स्पष्ट लिहून घ्या, कारण आजकाल एआर न मागताही लावून येतं. हार्ड कोट लेन्सच्या प्लास्टिकबरोबर बऱ्यापैकी ताणला जातो, त्यामुळे उष्णतेत जाळी पडायची शक्यता खूपच कमी होते. रात्री दिव्यांचं प्रतिबिंब थोडं जास्त दिसेल, म्हणून तो अडीअडचणीचाच चष्मा ठेवा आणि दरवर्षी मार्चमध्ये काढून त्याचा नंबर अजून जुळतो का ते तपासून घ्या.